पोळपाटावरची ओवी

प्रश्न : «मी कांदिवलीला राहते. माझी आजी जात्यावर बसली की ओव्या म्हणायची. माझ्या घरात जातं नाही, पण पोळ्या लाटताना, भांडी घासताना देवाची आठवण होते ती तशाच ओवीत मांडावीशी वाटते. लिहायला बसले की शाळेतल्या कवितेसारखं किंवा अभंगासारखं होतं. यमक जुळतं, पण गाता येत नाही. उदाहरणार्थ :

पोळी लाटते मी प्रेमाने विठ्ठला
भाव माझ्या मनाचा तुझ्या चरणी वाहिला

काय चुकतंय?»

ताई, आधी जात्याचं बोलू. जातं नाही म्हणून तुमची ओवी अडलेली नाही. इ.स. ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या बाया ओवी म्हणतात अशी नोंद आहे, आणि ती दळणाची नसून कांडणाची आहे. मुसळावर ओवी होती, जात्यावर होती, पाळण्याच्या दोरीवरही होती. हात एकाच चालीने पुन्हा पुन्हा फिरतो त्या कामावर ती बसते. पोळपाट-लाटणं त्यात सहज बसतं. माझ्या सासूबाई वाईकडच्या. लग्न होऊन परळच्या चाळीत आल्या तेव्हा त्यांनी जातं सोबत आणलं होतं. पुढे चक्कीवरून पीठ येऊ लागलं, जातं माळ्यावर गेलं आणि घरात लग्न निघालं की हळदीपुरतंच खाली येऊ लागलं. ओव्या मात्र माळ्यावर गेल्या नाहीत. सासूबाई त्या ओट्याशी उभ्या राहून म्हणायच्या. मी त्यांच्याकडून तिथेच शिकले, आणि गेली बरीच वर्षं आमच्या भजनी मंडळातल्या बायकांना शिकवते आहे.

तुमची खरी अडचण मला अशी दिसते की तुम्ही ओवी बसून लिहिता. हात मोकळे, समोर वही, त्यामुळे डोक्यात आधी भाव येतो आणि त्या भावाला घालायला तुम्ही पोळी शोधता. जात्यावर हे उलटं होतं. हातात खुंटा असतो, दुसऱ्या हाताने धान्याची वैरण घालायची असते, म्हणून समोर दिसतं तेच आधी तोंडात येतं. देव मागून येतो.

थोडं घडणीचं सांगते, कारण ‘ओवी’ हा एकच शब्द आपण दोन गोष्टींना वापरतो. ज्ञानेश्वरीतली ओवी ग्रंथाची आहे. तिला तीन यमक जुळणारे चरण आणि चौथा आखूड, मोकळा चरण. अभंग आणखी वेगळा. मोठ्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला, आणि शेवटी ‘जनी म्हणे’ किंवा ‘तुका म्हणे’ अशी नाममुद्रा. बायकांच्या दळणाच्या ओवीत दोन ओळी, प्रत्येक ओळीचे दोन तुकडे आणि दोन्ही ओळींच्या शेवटी यमक एवढंच. नाव कोणाचंच नाही. ज्या बाईच्या तोंडी ती आहे, तिची ती.

तुकड्यांची अक्षरं किती, याला ठरलेला आकडा नाही. गावागावाची चाल वेगळी, आणि गाताना ‘ग’, ‘बाई’, ‘माझ्या’ असे शब्द भरून ओळ हवी तेवढी ताणतात. तरी नव्या बाईला काहीतरी धरायला हवं म्हणून मी पहिल्या तुकड्याला सहा आणि दुसऱ्याला आठ अक्षरं सांगते. ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, अक्षर मोजायचं. जोडाक्षर एकच धरायचं. दुसरा तुकडा थोडा लांब हवा, कारण चाल तिथे खाली उतरते आणि तिला उतरायला जागा लागते.

आता तुमची ओळ घेऊ. ‘पोळी लाटते मी’ सहा, ‘प्रेमाने विठ्ठला’ही सहा. दोन्ही तुकडे सारखे, म्हणून ओळ उतरतच नाही, मध्येच थांबल्यासारखी होते. गाता येत नाही त्याचं हे एक कारण. दुसऱ्या ओळीत ‘भाव माझ्या मनाचा’ सात आणि ‘तुझ्या चरणी वाहिला’ आठ, ती पुष्कळ बरी. म्हणजे अक्षरांचा हिशेब फार बिघडलेला नाही. बिघाड आत आहे. ‘पोळी लाटते मी’ यात पोळी दिसत नाही, ती फक्त सांगितली आहे. ‘प्रेमाने’, ‘भाव’, ‘चरणी वाहिला’ हे तर पूजेच्या पुस्तकातले तयार शब्द. ते लाटण्याच्या जागी झाडू ठेवला तरी तसेच्या तसे चालतील. तुमच्या ओवीत पोळी बदलून झाडू घालता येत असेल तर त्या ओवीने कामाकडे बघितलंच नाही, असं मी समजते.

म्हणून आधी काम बघायचं. मंडळात एकदा मी आठ जणींना सांगितलं, उद्या सकाळी पोळ्या करताना देव अजिबात आठवू नका, पोळी काय करते तेवढं बघून या. दुसऱ्या दिवशी एकीने सांगितलं, ‘पिठी बरोबर लागली आणि लाटण्यावर दोन्ही हातांचा दाब सारखा असला की मला पोळी हाताने फिरवावी लागत नाही, ती आपली फिरते.’ हे प्रत्येकीने हजार वेळा केलेलं, पण बोलून कोणी दाखवलं नव्हतं. आम्ही तिथेच ओवी धरली.

पहिला प्रयत्न असा झाला :

पोळपाटावरी, घालते पोळी प्रदक्षिणा

मोजलं तर दुसरा तुकडा नऊ अक्षरांचा, हे एक. ‘प्रदक्षिणा’ म्हणताना जीभ दोनदा अडते आणि हात थांबतो, हे दुसरं. लाटणं चालू ठेवून म्हटलं की लगेच कळतं. पण मोठी चूक तिसरी होती. पोळी गोल फिरते, म्हणजे प्रदक्षिणा घालते, ही उपमा पहिल्याच ओळीत सांगून मोकळी झाली. दुसऱ्या ओळीला करायला काही उरलं नाही. मी म्हटलं, पोळी फक्त फिरू दे. देव तिला अजून माहीत नाही.

पोळपाटावरी, पोळी फिरते आपली

सहा आणि आठ. ‘आपली’ हा शब्द त्या बाईच्या बोलण्यातूनच आला, आणि सगळं काम तोच करतो. कोणी फिरवत नाही, तिची ती फिरते आहे. आता दुसरी ओळ. ‘-पली’, ‘-तली’ असं काहीतरी यमक हवं होतं. यमक शोधायला बसायचं नाही, पहिली ओळ पुन्हा म्हणायची. आमच्याकडे ओळ दोनदा म्हणायची पद्धत आहे, आणि दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत मनाला पुढची ओळ शोधायला वेळ मिळतो. तिसऱ्या-चौथ्या पोळीला कोणीतरी म्हणालं, ‘मीपण इथे उभी राहून तिकडे फिरून आले.’ तिथून ही झाली :

पोळपाटावरी, पोळी फिरते आपली
विठूच्या देवळा, फेरी मनानं घातली

प्रदक्षिणेचा ‘प्र’ कुठेच नाही, पण ऐकणारीला ती दिसते. ‘फिरते’ आणि ‘फेरी’ हे दोन शब्द काम आणि देव यांच्यात बिजागरीसारखे बसले आहेत. प्रत्येक ओवीला असा एक शब्द लागतो, जो कामातही खरा असतो आणि देवाकडेही खरा ठरतो. तो सापडला की ओवी झाली. तो नसेल तर नुसत्या दोन ओळी शेजारी शेजारी उभ्या राहतात.

हा शब्द कसा सापडतो त्याचं आणखी एक उदाहरण देते. दूध उतू गेलेली, तळाला करपलेली कढई आपण घासत बसतो. तिथे ‘स्वच्छता’, ‘मन निर्मळ’ असं काहीतरी सुचतं, ते सोडून द्यायचं. कढई काळी आहे आणि निघत नाही, एवढंच डोळ्यांपुढे आहे. काळा आणखी कोण?

घासून दमले, काळी कढई निघेना
काळा विठू माझा, रंग त्याचा उतरेना

इथे कामातला त्रास देवाकडे गेला की आनंदाचा झाला. मला ही ओवी फार प्रिय आहे, कारण हिच्यात उपदेश नाही. तांदूळ निवडण्यावर बायका नेहमी लिहून आणतात, जसा तांदळातला खडा काढला तसा मनातला राग काढावा. विचार चांगला आहे, पण तो सुविचार आहे. कीर्तनात शोभेल. ओवीत बाई दुसऱ्याला शिकवत नाही, ती देवाशी किंवा सयांशी बोलत असते. ‘जसा… तसा…’ आलं की थांबायचं आणि ‘तसा’ खोडून बघायचं. बहुतेक वेळा खाली काही उरत नाही, आणि उरलं तर तेच ओवीचं असतं.

‘पहिल्या ओळीत देव नको’ हा माझा शिकवण्याचा नियम आहे, परंपरेचा नाही. जुन्या ओव्यांत देव कितीदा पहिल्याच शब्दाला हजर असतो, आणि ‘पहिली माझी ओवी’ म्हणून देवांना एकेक ओवी वाहत दळण सुरू करायची तर रीतच आहे. त्या बायकांचे हात आधीच जात्यावर होते, त्यांना वेगळा नियम लागत नव्हता. आपण वहीकडून येतो, म्हणून मी तो घालते. वर्षभराने सोडून दिलात तरी चालेल.

देवाशी कसं बोलायचं हेही तुमच्या ओवीत अडलेलं दिसतं. ‘तुझ्या चरणी वाहिला’ म्हटलं की देव वर आणि आपण खाली, मध्ये गाभाऱ्याचा उंबरा. दळणाच्या ओवीत विठ्ठल घरचा असतो. तो बाप, भाऊ, सखा, आणि पंढरी हे माहेर. जनाबाईंच्या अभंगांत तो तिच्याबरोबर दळू लागतो. म्हणून ‘विठू’ म्हणा, ‘अरे’ म्हणा, रुसा. आमच्याकडे पाणी पहाटे यायचं तेव्हाची ही एक :

पहाटेचं पाणी, पिंप भरलं काठाला
चंद्रभागा माझी, आली मोरीच्या ओट्याला

पंढरपूरला कधी जाणं होईल ते होईल, वडाळ्याच्या विठ्ठलाला आषाढीच्या रांगेत उभं राहता येईल न येईल, पण चंद्रभागाच मोरीत आली. ‘काठ’ पिंपाचा तसा नदीचाही, तो इथला बिजागरीचा शब्द. तुमच्या घरचं दैवत दुसरं असेल, खंडोबा, एकवीरा, स्वामी, तर तेच घ्या. विठ्ठल ओवीत जास्त येतो म्हणून उसना आणू नका. भाषेचंही तसंच. आजी मालवणी किंवा घाटी बोलत असेल आणि ते तुमच्या तोंडात असेल तर ओवी त्यातच होऊ द्या. तोंडात नसेल तर मुद्दाम ‘व्हता’, ‘न्हाई’ घालू नका. ऐकणारीला ते लगेच कळतं.

आता सगळ्यात अवघड जागा. यमक चांगलं जुळलं की ते आपल्याला खोटं बोलायला लावतं. मंडळातल्या एका मुलीने, ती सकाळची लोकल पकडून नोकरीला जाते, ही ओवी आणली :

लोकलची घाई, पोळी तव्यात करपे
विठू आला दारी, भान हाताचं हरपे

सहा-आठ चोख, ‘करपे-हरपे’ सुरेख. सगळ्यांनी वाहवा केली. मी तिला विचारलं, ‘त्या दिवशी खरंच भान हरपलं होतं का ग?’ ती म्हणाली, ‘नाही हो काकू. डबा व्हायचा होता, मुलाची बाटली भरायची होती. नामस्मरण चालू होतं, पण अर्धं म्हणायचे आणि घड्याळ बघायचे.’ मग मी म्हटलं, हेच म्हण. तिने पहिली ओळ ठेवली, यमकाचा शब्दही तोच ठेवला आणि दुसरी ओळ बदलली :

लोकलची घाई, पोळी तव्यात करपे
नाव तुझं देवा, अर्ध्या तोंडात हरपे

हे म्हणताना तिचा आवाज बदलला, आणि शेजारच्या दोघींनी डोळे पुसले. पहिल्या ओवीत भक्त कशी असावी ते होतं. दुसरीत ती सकाळी सव्वासहाला जशी होती तशी होती. करपण्याचं खरं कारण घाई, आणि नाव अर्धं राहण्याचं कारणही तीच घाई, म्हणून दोन्ही ओळी आता एका दोरीत आल्या. घरकामातून भक्ती म्हणजे दर पोळीला समाधी लागली पाहिजे असं काही नाही. चुकलेलं, अर्धं राहिलेलं नामही देवाला सांगायचंच असतं. दळणाच्या ओव्यांत किती बायकांनी कंटाळा, थकवा, सासरचा राग देवाच्या कानावर घातला आहे! यमक जुळल्यावर स्वतःला एकदा विचारा, हे त्या वेळी झालं होतं का? उत्तर नाही आलं तर पहिली ओळ ठेवा, दुसरी टाका.

करायचं कसं, ते एवढंच. एक काम निवडा आणि आठवडाभर तेच धरा. रोज नवं काम घेतलंत तर एकही दिसणार नाही. पहिले दोन दिवस फक्त बघा. तिसऱ्या दिवशी लाटता लाटता पहिली ओळ तोंडाने म्हणा, मनात नव्हे, कारण जोडाक्षर अडतं की नाही हे जिभेलाच कळतं. माझ्या हाताला एका तुकड्यात लाटणं दोनदा पुढे-मागे जातं, तुमचं तीनदा जाईल, त्याने बिघडत नाही. तुकडा संपतो तिथे शब्दही संपला पाहिजे, मधोमध चिरला जाता कामा नये. मग मध्ये ‘ग बाई’ घालून बघा : ‘पोळपाटावरी ग बाई, पोळी फिरते आपली.’ घालून ओळ सुखाने ताणली गेली तर घडण बरोबर आहे. धक्का बसला तर पहिला तुकडा आधीच भरगच्च झालाय, एक अक्षर काढा. हे ‘ग बाई’ लिहिताना मोजायचं नाही, ते तोंडाचं आहे. फोन ओट्यावर रेकॉर्डिंगला लावून ठेवा आणि वहीत रात्री उतरवा. पिठाच्या हाताने लिहायला थांबलात तर चाल तुटते, आणि तुटलेली चाल पुन्हा लागायला दोन पोळ्या जातात.

काही कामांवर मात्र ओवी बसत नाही, त्यांच्या मागे लागू नका. मिक्सर चालू असताना आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही. वॉशिंग मशीनचं काम आपल्या हातात नसतंच. भाजी चिरताना हाताला चाल असते, पण नजर सुरीवर ठेवावी लागते. माझं बोट एकदा चांगलं कापलं आहे, तेव्हापासून मी चिरताना ओवी म्हणत नाही. कपडे वाळत घालणं छान. वाकायचं, झटकायचं, दोरीवर टाकायचं, चिमटा लावायचा, हे चार टप्पे ओवीच्या चार तुकड्यांना बरोबर पडतात. गॅलरीत कोणी ऐकेल म्हणून संकोच वाटला तर गुणगुणा, तरी चालतं.

तुमच्या ओवीकडे परत येते. ‘पोळी लाटते मी’ हा तुकडा चांगला सहा अक्षरांचा आहे, तो ठेवा. पुढची आठ अक्षरं मी देणार नाही, कारण उद्या सकाळी तुमची पोळी काय करते ते मला इथून दिसत नाही. ती फुगेल, कडेला फाटेल, तव्यावर पहिलीच नकाशासारखी येईल. जे होईल ते त्या आठात बसवा आणि विठ्ठलाला दुसऱ्या ओळीपर्यंत थांबायला सांगा. जमलं की इथेच टाका, मी लाटताना म्हणून बघते आणि कुठे अडतं ते सांगते.